नळाची पाइप आणि फ्लशची लाइन: व्हॅक्यूम ब्रेकर कुठे, कसा आणि कोणत्या क्रमाने बसवायचा

व्हॅक्यूम ब्रेकर म्हणजे घाण पाणी लाइनमध्ये उलटं ओढलं जाऊ न देणारा छोटा जोड. तो बसवूनही घाण पाणी उलटं आलं, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. ब्रेकर म्हणून भलताच एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा साधा व्हॉल्व्ह, लावलेला असतो. किंवा ब्रेकर खरा असतो, पण त्याच्या पुढे आणखी एक कॉक बसवलेला असतो. किंवा फ्लशच्या लाइनवरचा ब्रेकर कमोडच्या काठापेक्षा पुरेसा वर नसतो. तिन्ही ठिकाणी पैसे खर्च होतात, समाधान मिळतं आणि संरक्षण शून्य असतं.

हा लेख आपल्याकडच्या नेहमीच्या सोसायटीसाठी आहे: खाली पार्किंग, वर तीन-चार मजले, गच्चीवर टाकी, आणि पार्किंगमध्ये एखादा नळ थेट महापालिकेच्या लाइनवर. प्लंबरला बोलावणार असाल तरी वाचा, कारण कुठे काय बसवायचं हे त्याला तुम्हीच सांगायचं आहे.

## पाणी उलटं ओढलं कसं जातं

समजा, गच्चीची टाकी धुवायची आहे. टाकीखालचा डाउनटेकचा, म्हणजे टाकीतून खाली मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपचा, व्हॉल्व्ह बंद केला. तिसऱ्या मजल्यावर एका घरात बाथरूमच्या नळाला पाइप लावलेली आहे आणि तिचं टोक फिनेल घातलेल्या बादलीत बुडालेलं आहे. बादली भरता भरता पाणी गेलं, म्हणून नळ तसाच उघडा राहिला. तेवढ्यात लाइन रिकामी करायला वॉचमनने खाली पार्किंगमधला, त्याच डाउनटेकवरचा नळ सोडला.

आता डाउनटेकमधलं पाणी खाली निघालं, पण वरून हवा यायला वाट नाही. तिसऱ्या मजल्यावरचा नळ आणि पार्किंगचा नळ यांच्यात साधारण ९ मीटरचं अंतर आहे. एवढा पाण्याचा स्तंभ खाली लोंबतो आणि वरच्या भागात ओढ तयार करतो. बादलीतलं पाणी नळापर्यंत चढवायला अर्धा-पाऊण मीटरची ओढ पुरते. नळीने पेट्रोल काढताना जे होतं तेच इथे होतं: बादली उपसली जाते आणि फिनेलचं पाणी डाउनटेकमध्ये उतरतं. टाकी भरून व्हॉल्व्ह उघडला की ते खालच्या मजल्यांवरच्या नळांना येतं.

थेट महापालिकेच्या लाइनवर यासाठी टाकी धुण्याचीही गरज नाही. पाणी सुटायची वेळ संपली की लाइनमधला दाब उतरतो. त्यात शेजारच्या कुणी लाइनला थेट मोटर लावली असेल तर दाब हवेच्या दाबाच्याही खाली जातो. त्या वेळी गाडी धुवायच्या बादलीत पाइप पडलेली असेल आणि नळ उघडा असेल, तर बादली लाइनमध्ये जाते.

व्हॅक्यूम ब्रेकरचं काम एवढंच: ओढ लागली की नळीच्या बाजूला हवा आत सोडायची. नळीत हवा शिरली की पाण्याची सलग साखळी तुटते आणि पाणी चढत नाही. आत स्प्रिंगवरची एक रबरी चकती असते आणि अंगाला बाहेर उघडणारी छिद्रं असतात. नळ सोडला की दाबाने रबर छिद्रांवर बसतं आणि पाणी मधून पुढे जातं. दाब गेला की चकती मागची वाट बंद करते आणि छिद्रं मोकळी होतात.

एनआरव्हीत फक्त चकती असते, छिद्रं नसतात. सीटवर वाळूचा एक कण अडकला की तो गळतो, आणि गळतो तेव्हा घाण पाणीच आत घेतो. ब्रेकरच्या चकतीखाली कण अडकला तरी छिद्रांतून हवा ओढली जाते, पाणी नाही. दुकानदार "दोन्ही एकच" म्हणाला तर त्या वस्तूच्या अंगावर हवेची छिद्रं दाखवायला सांगा.

## टप्पा १: घरातल्या आणि आवारातल्या जागा शोधा

सामान आणण्याआधी वही घेऊन एक फेरी मारा. प्रत्येक नळापाशी दोनच प्रश्न: याचं तोंड किंवा याला लावलेली नळी घाण पाण्यात बुडू शकते का? आणि हा नळ कोणत्या लाइनवर आहे?

बहुतेक ठिकाणी यादी अशी निघते: पार्किंगचा आणि बागेचा नळ, कचऱ्याच्या जागेजवळचा धुण्याचा नळ, बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत पाइप लावलेला नळ, फ्लश व्हॉल्व्ह, फ्लशच्या टाकीचा भरणा, आणि कमोडजवळचा हेल्थ फॉसेट. टाकी भरणाऱ्या पाइपचं तोंडही बघा. ते टाकीच्या पाण्यात बुडत असेल तर तिथे ब्रेकर नको, पाइप वर उचलून घ्या.

लाइन ओळखायला सोपी रीत: टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि महापालिकेचं पाणी चालू असताना नळ सोडा. पाणी येतच राहिलं तर नळ थेट लाइनवर. ही माहिती वहीत जागेसमोर लिहून ठेवा, पुढे ब्रेकर तपासताना लागेल.

पडताळणी. आपल्या इमारतीत ओढ खरंच लागते का, हे बघायचं असेल तर टाकी धुण्याच्या दिवशी बघा. वरच्या मजल्यावर नळाला स्वच्छ, नवी नळी लावा, तिचं टोक पिण्याच्या पाण्याने भरलेल्या स्वच्छ भांड्यात बुडवा, नळ उघडा ठेवा आणि मग खाली पार्किंगचा नळ सोडा. भांड्यातली पातळी खाली जाऊ लागली की उत्तर मिळालं. रंग किंवा हळद घालू नका, जे ओढलं जाईल ते लाइनमध्येच जाणार आहे.

## टप्पा २: कोणत्या जागी काय

सगळ्यात खात्रीचा उपाय ब्रेकर नाहीच, तो म्हणजे हवेतलं अंतर. नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यात नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर अंतर असेल तर उलटं काही येऊ शकत नाही. बाथरूममधल्या नळाची पाइप कापून बादलीच्या काठाच्या दोन बोटं वर येईल एवढीच ठेवली, तर तिथे ब्रेकरची गरज उरत नाही. जिथे लांब पाइप लागतेच, तिथेच ब्रेकरचा विचार करा.

पाइपच्या नळाला: नळाच्या तोंडावर फिरवून बसवायचा, खास होजसाठीचा ब्रेकर. अमेरिकन मानकात हा एएसएसई १०११ या क्रमांकाने येतो, आयात केलेल्या मालावर तो क्रमांक दिसतो.

फ्लश व्हॉल्व्हला: व्हॉल्व्हच्या खाली, कमोडकडे जाणाऱ्या नळीच्या माथ्याशी असलेला ब्रेकर. यात रबराची पिशवीसारखी बाही असते आणि नळीला आडवे काप असतात.

फ्लशच्या टाकीला: भरण्याच्या व्हॉल्व्हमध्येच ही सोय असते. फक्त त्याच्या अंगावरची सी-एल ही खूण ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा किमान २५ मिलिमीटर वर असली पाहिजे. टाकी कमी भरते म्हणून कुणी ओव्हरफ्लोची नळी उंच केली असेल, तर हे अंतर संपलेलं असतं. मोजून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

इशारा. हे ब्रेकर ओढ थांबवतात, ढकल थांबवत नाहीत. पाइपचं दुसरं टोक प्रेशर वॉशरला किंवा औषध फवारणीच्या पंपाला जोडलेलं असेल, तर पंपाचा दाब नळावरच्या दाबापेक्षा जास्त होऊन पाणी उलटं ढकललं जाऊ शकतं. पाइप नळाच्या वर तीन मीटरपेक्षा उंच नेली असेल तरीही होजचा साधा ब्रेकर त्यासाठी बनलेला नाही. अशा कामाला लाइनपासून तोडलेली वेगळी टाकी ठेवा: नळाचं पाणी वरून टाकीत पडेल आणि पंप टाकीतून घेईल.

## टप्पा ३: आटे जुळवा

सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. आपल्याकडचे नळ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांचे असतात. ऑनलाइन मिळणारे होजचे ब्रेकर बरेचदा अमेरिकन होज आट्यांचे असतात, आणि दोन्हींवर "पाऊण इंच" असंच लिहिलेलं असतं. पाऊण इंची बीएसपीला एका इंचात १४ आटे असतात, अमेरिकन होज आट्याला साडेअकरा. व्यास इतका जवळचा आहे की ब्रेकर एक-दीड फेरा सहज फिरतो आणि मग अडतो. "घट्ट बसतोय" असं समजून पान्याने जोर दिला की पितळेचे आटे खरवडले जातात. नळ गेला, ब्रेकरही गेला.

म्हणून आधी मोजा. पट्टी आट्यांवर आडवी धरा, २५ मिलिमीटरमध्ये किती शिखरं येतात ते बघा. १४ आले तर बीएसपी. साडेअकरा आले तर पाऊण इंची होज आट्याचं, बीएसपीला जोडायचं अडॅप्टर घ्या. अर्ध्या इंची नळाला १५ मिलिमीटरचा ब्रेकर किंवा १५ ते २० मिलिमीटरचा पितळी रिड्यूसर लागेल.

पार्किंगमधला नळ बहुतेक नोझल बिब कॉक असतो, म्हणजे पुढे खाचांची निमुळती नोझल, तिच्यावर पाइप घुसवून क्लिप आवळलेली. ही नोझल अनेक नळांत फिरवून निघते आणि आत आटे असतात. निघत नसेल, एकाच ओतीव तुकड्यात असेल, तर तिच्यावर ब्रेकर बसत नाही. नळच बदला. त्यावर रबरी तुकडा आणि क्लिपा लावून केलेली जोडणी पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

सामान: ब्रेकर, लागला तर अडॅप्टर, दोन जादा वॉशर, टेफ्लॉन टेप, दोन पाने, तारेचा छोटा ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, बादली आणि जुनं फडकं.

## टप्पा ४: पाइपच्या नळाला ब्रेकर बसवणं

क्रम एकच: नळ, मग ब्रेकर, मग पाइप. मध्ये काही नाही, आणि ब्रेकरच्या पुढे कॉक नाही.

१. नळामागचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर त्या लाइनचा व्हॉल्व्ह. नळ उघडून राहिलेलं पाणी जाऊ द्या.

२. पाइप आणि नोझल काढा. नळाचे आटे ब्रशने साफ करा. जुन्या टेपचा एक धागा जरी आत राहिला तरी तो ब्रेकरच्या चकतीखाली जाऊन बसतो, आणि मग दोष ब्रेकरचा ठरतो.

३. ब्रेकर जोडण्याआधी नळ दहा सेकंद जोरात सोडा. लाइन उघडली की गंज आणि वाळू सुटते, ती आधीच बाहेर गेलेली बरी.

४. ब्रेकरमध्ये वॉशर सरळ बसला आहे का बघा. होजचा जोड वॉशरने बंद होतो, टेपने नाही. तिथे टेप गुंडाळली तर वॉशर पुरता दाबला जात नाही आणि जोड गळतो. टेप फक्त अडॅप्टरच्या बीएसपी आट्यांना, घड्याळाच्या दिशेने चार-पाच वेढे.

५. अंगावर बाण असेल तर तो पाइपकडे करा. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने पाव फेरा. एवढंच.

६. पाइप जोडा. क्लिप एकच, पण नीट आवळलेली.

इशारा. अनेक ब्रेकरना एक बारीक स्क्रू असतो, तो आवळत राहिला की डोकं तुटून पडतं आणि मग ब्रेकर नळावरून काढता येत नाही. चोरी आणि "पाइप बसत नाही म्हणून काढला" या दोन्हींवर हा उपाय आहे. पण हा स्क्रू आत्ता आवळू नका. पुढची चाचणी झाल्यावरच.

पाइपच्या टोकाला ट्रिगर गन असेल तर काय? गन म्हणजे ब्रेकरच्या पुढचा कॉकच. ती चालते, पण एका अटीवर: काम झालं की नळ बंद करायचा आणि गन दाबून दाब सोडायचा. हे ब्रेकर सतत दाबाखाली ठेवायचे नसतात, १२ तासांच्या वर तर नाहीच. रात्रंदिवस दाबाखाली राहिलेलं रबर छिद्रांना चिकटतं आणि ओढ लागेल त्या क्षणी सुटत नाही. बागेसाठी टायमर लावणार असाल तर टायमर ब्रेकरच्या आधी, नळाच्या बाजूला घ्या.

## टप्पा ५: चाचणी

नळ पूर्ण सोडा. पाणी वाहत असताना छिद्रांतून थेंबही येता कामा नये. आलाच तर चकतीखाली कचरा आहे किंवा पाइपचा जोड तिरका बसला आहे.

नळ बंद करा. छिद्रांतून पाण्याची एक फुंकर उडेल, चमचा-दोन चमचे. हे बरोबर आहे, ब्रेकर उघडला याची ती खूण आहे. खरं तर याच फुंकरीमुळे लोक "गळतोय" म्हणून ब्रेकर काढून टाकतात किंवा छिद्रांना एपॉक्सी पुट्टी लावतात. बंद छिद्रांचा ब्रेकर म्हणजे महागडा एनआरव्ही. भिंत भिजत असेल तर खाली मोरीकडे उतार करा, छिद्रं बुजवू नका.

आता ओढीची चाचणी. पाइपचं टोक स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पातळीला पेन्सिलने खूण करा. नळ उघडाच ठेवा, कारण बंद नळावर केलेली चाचणी नळाची होते, ब्रेकरची नाही. नळामागचा कॉक नाही, त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून त्याच लाइनवरचा खालचा एखादा नळ सोडा. पाच मिनिटांनी खूण बघा. पातळी जागची हलता कामा नये.

कान दिलात तर कधी कधी छिद्रांतून हवा ओढल्याचा बारीक आवाज येतो. पातळी स्थिर आहे आणि आवाज सतत येतोय, तर संरक्षण चालू आहे, पण चकती नीट बसत नाही. रबर बदला.

हे जमलं की स्क्रू आवळून डोकं तोडा. एक लक्षात ठेवा: हा ब्रेकर फक्त आपल्या नळाचं तोंड सांभाळतो. डाउनटेकमधली ओढ तो घालवत नाही. शेजारच्या घरात नागडी पाइप बादलीत असेल तर ती उपसली जाणारच. म्हणून पाइपच्या प्रत्येक नळाला स्वतंत्र ब्रेकर लागतो.

डाउनटेकमधली ओढच तोडायची असेल तर गच्चीवर जा. टाकीचा व्हॉल्व्ह संपल्यावर डाउनटेकवरून एक बारीक पाइप वर उभी गेलेली असायला हवी, टाकीच्या माथ्यापेक्षा उंच, तोंड खाली वळवलेलं आणि जाळी लावलेली. ही एअर व्हेंट. व्हॉल्व्ह बंद असतानाही हवा इथून आत येते. अनेक गच्च्यांवर ही पाइप आखूड असते. टाकी ओसंडली की तिच्यातून पाणी येतं, आणि मग कुणीतरी तिला प्लग मारतं. प्लग काढा, पाइप अर्धा मीटर वाढवा. होजच्या दहा ब्रेकरपेक्षा स्वस्त काम आहे. मात्र तिच्यामुळे ब्रेकर वगळता येत नाहीत, कारण थेट लाइनवरच्या नळांशी तिचा काही संबंध नाही.

## टप्पा ६: फ्लश व्हॉल्व्हची लाइन

फ्लश व्हॉल्व्ह सेकंदाला एक-दीड लिटर पाणी घेतो, साध्या नळाच्या कितीतरी पट. डाउनटेक बारीक असेल आणि खालच्या दोन मजल्यांवर एकदम फ्लश झाला, तर वरच्या मजल्यावरच्या लाइनमध्ये क्षणभर ओढ लागू शकते. त्याच वेळी वरचं कमोड तुंबून काठापर्यंत भरलेलं असेल आणि तिथला व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल, तर भांड्यातलं पाणी वर चढायला वाट मिळते. म्हणून इथली सगळी मापं भांड्यातल्या नेहमीच्या पाण्यापासून नाही, काठापासून घ्यायची.

बाहेर दिसणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हचं काम असं करा.

१. ब्रेकरच्या अंगावरची खूण शोधा, बहुधा सी-एल ही इंग्रजी अक्षरं किंवा आडवी रेघ. कमोडच्या काठावर सरळ पट्टी ठेवा (सीटवर नाही, भांड्याच्या काठावर) आणि तिथून खुणेपर्यंत उभं माप घ्या. किमान १५० मिलिमीटर हवं. उदाहरणार्थ, काठ जमिनीपासून ४०० वर असेल तर खूण ५५० च्या खाली नको.

२. कमी भरलं तर पुढचं काही करू नका. आधी लांब नळी आणा आणि व्हॉल्व्ह वर घ्या. जागा कमी पडते म्हणून नळी कापणं ही इथली नेहमीची चूक. नळी कापली की खूणही खाली येते.

३. कंट्रोल कॉक बंद करा, एकदा फ्लश दाबून दाब सोडा. व्हॉल्व्हखालची मोठी नट सोडवा. जबड्यांचा पाना वापरत असाल तर फडकं गुंडाळा, क्रोम लगेच सोलतं.

४. नळीच्या माथ्यातली रबरी बाही काढा. बोटांनी दुमडून बघा. ओठ कडक झाले असतील, चीर असेल किंवा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर बदला. रबराला ॲसिड, ग्रीस, पेट्रोलियम जेली लावू नका, ते फुगतं.

५. नवी बाही त्याच मापाची घ्या आणि ओठ खाली, भांड्याकडे येतील अशी बसवा. उलटी बसवली तर फ्लश अडखळतो. नळीचे काप मोकळे आहेत ना ते बघा.

६. नट हाताने, मग पाव फेरा. कॉक उघडा, तीनदा फ्लश करा.

पडताळणी. कापांच्या भोवती कोरडा कागद धरून फ्लश करा. एखादा थेंब दिसला तर नट पुन्हा बसवा. दर फ्लशला पाणी उडत असेल तर बाही चिरली आहे, किंवा खाली कमोडची वाट तुंबून पाणी मागे येतंय. कापांवर टेप लावणं हा उपाय नाही.

भिंतीत लपवलेला फ्लश व्हॉल्व्ह असेल तर प्रकरण अवघड. हवेला यायला उघडी जागा हवी, आणि टाइलच्या मागे ती नसते. व्हॉल्व्हसोबतच्या कागदात ब्रेकर असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो नाही असंच धरा. मग दोनच रस्ते: व्हॉल्व्ह काढून फ्लशची टाकी बसवणं, किंवा फ्लशची लाइन वेगळ्या टाकीवर नेणं. मुंबईतल्या बऱ्याच इमारतींत फ्लशची टाकी वेगळी असतेच. तिथे फक्त एवढं बघा की दोन टाक्यांना जोडणारी "अडीअडचणीची" पाइप कुठे ठेवलेली नाही ना. बंद व्हॉल्व्ह म्हणजे तोडलेली लाइन नव्हे. ती पाइप कापून दोन्ही बाजूंना कॅप लावा.

हेल्थ फॉसेटबद्दल थोडं. त्याचा ट्रिगर टोकाला असतो आणि अँगल कॉक दिवसभर उघडा, म्हणजे नळी सतत दाबाखाली. साधा ब्रेकर या जागी टिकत नाही. ट्रिगर सोडलेला असताना धोका कमी असतो, पण ट्रिगर गळका झाला आणि गन भांड्यात लोंबत असेल तर वाट उघडी आहे. हूक काठाच्या वर घ्या, नळी आखूड ठेवा, गळकी गन त्याच दिवशी बदला, आणि वापर झाला की अँगल कॉक बंद करायची सवय लावा. या सवयीने नळी फुटून घर भिजायचंही टळतं.

## टप्पा ७: वर्षातून एकदा

वेगळा दिवस काढू नका. टाकी धुण्याच्या दिवशी व्हॉल्व्ह बंद असतोच, तेव्हाच टप्पा ५ ची बादलीची चाचणी प्रत्येक ब्रेकरवर करा. महापालिकेच्या लाइनवरच्या नळाची चाचणी मीटरनंतरचा व्हॉल्व्ह बंद करून होते. छिद्रांवर क्षार साचले असतील तर धातूचा भाग रबर काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. डोकं तोडलेल्या ब्रेकरला बाहेरूनच ब्रश मारावा लागतो. तो चाचणीत नापास झाला तर नळासकट बदला.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांसाठी: हिवाळ्याआधी पाइप काढा आणि ब्रेकरमधलं पाणी निथळू द्या. आत अडकलेलं पाणी गोठलं की पितळेचं अंग तडकतं, आणि ते वसंतात नळ सोडल्यावरच कळतं.

## उलटं पाणी आलंच असेल तर

नळाला फिनेलचा वास, फेस किंवा रंग आला तर त्या डाउनटेकवरच्या सगळ्या घरांना लगेच सांगा: पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. पाणी उकळून फिनेल किंवा कीटकनाशक जात नाही. क्लोरीननेही जात नाही. ते फक्त वाहून घालवता येतं. सगळ्या नळांची पाइप काढा, बादलीत बुडालेली नळी शोधून बाहेर घ्या, टाकी भरा, आणि वरच्या मजल्यापासून खाली प्रत्येक नळ वास पूर्ण जाईपर्यंत सोडा. गीझर आणि वॉटर फिल्टरही रिकामे करा, फिल्टरच्या मेणबत्त्या आणि कार्ट्रिज टाकून द्या.

आलेलं पाणी कमोडचं किंवा मोरीचं असेल तर धुऊन झाल्यावर निर्जंतुकीकरण करा. दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, २४ तास. १००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे १५० ग्रॅम. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी टाकीत ओता. मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा. २४ तास कुणी नळ वापरायचा नाही, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक घरात पाणी भरून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी सगळं पाणी सोडून द्या, टाकी पुन्हा भरा आणि नळाचं पाणी प्रयोगशाळेत कोलिफॉर्म तपासणीला पाठवा. अहवाल येईपर्यंत प्यायचं पाणी बाहेरून आणा.